अमेरिकन ग्राहक की जर्मन? कॅश फ्लोचे तीन कप्पे शेजारी ठेवून

चाकणमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मालकाकडे दोन परदेशी कंपन्या ९० दिवसांची उधारी मागताहेत, असं धरू. एक अमेरिकन, एक जर्मन, दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या. मालक दोघींच्या कॅश फ्लो स्टेटमेंटमधली ऑपरेटिंगची ओळ पाहतो: जर्मन १००, अमेरिकन ५८. (आकडे कल्पित, एकाच चलनात.) जर्मन कंपनीला होकार द्यायला तो तयार असतो. सीएने त्याला थांबवायचं ते इथेच.

तीन कप्पे त्याला माहीत आहेत. रोजच्या खरेदी-विक्रीचा पैसा ऑपरेटिंगमध्ये, यंत्रं-इमारतींचा इन्व्हेस्टिंगमध्ये, कर्ज आणि भांडवलाचा फायनान्सिंगमध्ये. पण सीमेवरचे काही खर्च अमेरिकेत एका कप्प्यात पडतात आणि युरोपात दुसऱ्या.

पहिला खर्च व्याजाचा. यूएस गॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाच्या नियमांत, भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्येच जातं. जर्मन कंपनी वापरते त्या आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय नियमांत आजवर निवड होती, ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग. म्हणून दोन जर्मन कंपन्यांचीही थेट तुलना करू नये. १ जानेवारी २०२७ पासून आयएफआरएस १८ लागू झालं की, कर्ज देणं हा मुख्य धंदा नसलेल्या कंपन्यांना ते फायनान्सिंगमध्येच दाखवावं लागेल. आपल्याकडेही साधारण कंपनी ते तिथेच दाखवते, त्यामुळे मालकाला जर्मन मांडणी ओळखीची वाटते आणि फसगत सोपी होते.

दुसरा खर्च गोदामाच्या भाड्याचा. अमेरिकेत ऑपरेटिंग लीजचं अख्खं भाडं ऑपरेटिंगमधून वजा होतं. आयएफआरएस १६ नुसार, म्हणजे २०१९ पासून, लांब मुदतीचं भाडं कर्जफेडीसारखं धरलं जातं: मुद्दल फायनान्सिंगमध्ये, आणि व्याजाचा भाग कंपनी बाकीचं व्याज दाखवते तिथे. तिसरा खर्च नव्या उत्पादनाच्या विकासाचा. अटी पूर्ण झाल्या तर आयएफआरएस तो मालमत्तेत घ्यायला लावतं, म्हणून रोख इन्व्हेस्टिंगमधून जाते. अमेरिकेत, सॉफ्टवेअरसारखे अपवाद सोडले तर, तो खर्चातच पडतो.

आता दोन्ही कंपन्यांचे व्यवहार हुबेहूब सारखे धरा. ग्राहकांकडून आलेल्या पैशातून माल, पगार आणि कर भागवून १०० उरले. कर्जाचं व्याज १०, भाडं २० (मुद्दल १५, व्याज ५), विकास खर्च १२, नवी यंत्रं २५. जर्मन कंपनीने व्याज फायनान्सिंगमध्ये ठेवलंय.

| | अमेरिकन | जर्मन |
|---|---|---|
| ऑपरेटिंग | ५८ | १०० |
| इन्व्हेस्टिंग | −२५ | −३७ |
| फायनान्सिंग | ० | −३० |
| रोकड वाढली | ३३ | ३३ |

दोघींच्या गल्ल्यात सारखीच भर पडली आहे. ४२ चा फरक फक्त कप्प्यांचा.

मग तुलना कुठल्या मांडणीत करायची? माझं मत, जर्मन कंपनीचे आकडे अमेरिकन मांडणीत आणावेत. एक तर आपण उधारी देणारे आहोत. भाडं आणि व्याज भरून काय उरतं, हेच आपल्याला हवं. दुसरं, उलटा प्रवास धड जमत नाही. अमेरिकन कंपनी संशोधन आणि विकास यांचा मिळून एकच आकडा देते. त्यातला किती भाग युरोपात मालमत्ता ठरला असता, ते बाहेरून कळत नाही. जर्मन अहवालात मात्र भरलेलं व्याज वेगळं दिसतं, लीजपोटी गेलेली एकूण रोकड टिपणीत असते, आणि मालमत्तेत घेतलेला विकास खर्च अमूर्त मालमत्तांच्या टिपणीत सापडतो.

इथे एक चूक हमखास होते. व्याजाच्या ओळीत लीजचं व्याजही बहुधा धरलेलं असतं. आपल्या उदाहरणात ती ओळ १५ ची दिसेल. तिच्यासोबत लीजचे २० जसेच्या तसे वजा केले तर ५ दोनदा जातात आणि ३० ऐवजी ३५ कापले जातात. म्हणून व्याजाचे १५ आणि लीजचं मुद्दल १५ एवढंच हलवायचं, मग विकासाचे १२. शंभरातून ४२ गेले की ५८ उरतात.

एवढं केलं तरी उधारीचा निर्णय अर्धाच झाला. पुढची नजर ऑपरेटिंगमधल्याच पुरवठादारांच्या देण्यांच्या ओळीवर हवी. विक्री जागच्या जागी, पण ही देणी फुगलेली आणि त्यामुळे ऑपरेटिंग चांगलं दिसतंय, तर तो पैसा कंपनीने कमावलेला नाही, पुरवठादारांचा अडकवून ठेवलेला आहे. दोन्ही पद्धतींत ही ओळ ऑपरेटिंगमध्येच येते, म्हणून काहीही न हलवता तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येतात. ज्या कंपनीची देणी विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत, तिला ९० ऐवजी ४५ दिवस द्यावेत, नाहीतर बँकेची पैसे देण्याची हमी, म्हणजे एलसी, मागावी.