शाळेचा नकाशा मोबाईलवर करायचाय, मुख्याध्यापकांना कुठलं पत्र द्यावं: माझी दोन पत्रं शेजारीशेजारी

आमच्याकडे नववीच्या भूगोलात पहिलाच धडा ‘वितरणाचे नकाशे’. दरवर्षी मुलं वहीत टिंबं काढतात आणि विसरतात. मला वाटलं यंदा शाळेच्याच आवारातली झाडं, नळ, जिने, फाटकं फोन घेऊन नोंदवू, निदान टिंब म्हणजे काय ते पायाला कळेल. शाळा पुण्यातच, कोथरूडकडची, तीन मजली दोन इमारती, मधे मैदान, मागे एक चिंचोळा बोळ. त्यासाठी मी मुख्याध्यापिका बाईंना आधी एक पत्र दिलं, ते ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत आलं, मग दुसरं दिलं. आता दुसऱ्या शाळांमधले दोघेतिघे विचारतायत की कुठलं पत्र द्यायचं, म्हणून दोन्ही इथे ठेवतोय, कारण फरक भाषेचा नाहीये, दोन पत्रांत दोन वेगळे बेत आहेत.

पहिल्या पत्रातला मुख्य भाग असा होता:

“विषय: शालेय आवाराचा डिजिटल नकाशा तयार करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया, इयत्ता नववी अ मधील ३२ विद्यार्थी आपापल्या मोबाईलवरून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर शाळेच्या आवाराची माहिती भरतील. त्यासाठी शनिवारी दोन तासिका मोबाईल आणण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.”

दुसऱ्यातला:

“विषय: इ. नववी भूगोल प्रात्यक्षिक, आवार नोंदणी, दोन शनिवार. महोदया, आठ गटांत मिळून आठ फोन वापरले जातील. फोन शिक्षक व पालकांनी दिलेले जुने असतील, त्यात सिमकार्ड नसेल व तासिका संपताच ते माझ्याकडे जमा होतील. विद्यार्थी कोणत्याही संकेतस्थळावर खाते उघडणार नाहीत. गोळा झालेली माहिती आधी आपणांस कागदावर दाखवली जाईल. त्यातील काय सार्वजनिक करायचे व काय शाळेपुरते ठेवायचे, हे आपल्या सहीने ठरेल.”

पहिला बेत वाईट नाहीये, उलट शिकायला तोच जास्त चांगला. मुलगा स्वतः पाण्याच्या नळाजवळ उभा राहतो, `amenity=drinking_water` असा टॅग टाकतो आणि थोड्या वेळाने ते खऱ्याखुऱ्या नकाशावर दिसतं, जगात कुणालाही. तो आनंद दुसऱ्या बेतात तेवढा नाही, हे कबूल करायलाच पाहिजे. पण बाईंनी चर्चेला बसवून एकच प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, “सर, हे नंतर काढून टाकता येईल ना?”

मी घरी जाऊन नीट बघितलं. नकाशावरून काढता येतं, पण ओपनस्ट्रीटमॅप प्रत्येक गोष्टीचा इतिहास ठेवतं, म्हणजे आज टाकलेली वस्तू उद्या डिलीट केली तरी आधीची आवृत्ती इतिहासात बघता येते, आणि कुणाच्या खात्यावरून किती वाजता बदल झाला हेही दिसतं. म्हणजे ३२ मुलांनी स्वतःच्या नावाची खाती उघडून शनिवारी सकाळी नोंदी केल्या तर त्या वेळी ती कुठे होती हे उघड्यावर राहणार. शिवाय २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूलच, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं त्यात आहे. तेव्हा खरं उत्तर ‘पूर्णपणे नाही काढता येत’ हेच होतं, आणि त्यामुळे टाकण्याआधीच ठरवायला पाहिजे की काय टाकायचं. माझ्या मते दोन पत्रांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, फोनचा नंतर.

दुसऱ्या पत्राला म्हणून मी एक पान जोडलं. सार्वजनिक नकाशावर जाणार: इमारतींची बाह्यरेषा, मुख्य फाटक, रॅम्प, मैदान, झाडं. शाळेपुरतं राहणार: स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा, कॅमेरे कुठे आहेत ते, मागचं फाटक किती वाजता उघडं असतं, आतल्या खोल्या. ही शाळेपुरती माहिती कॉम्प्युटर लॅबमधल्या एका मशीनवर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची, ते फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. बाईंनी त्या पानावर झाडांवर टिक केली आणि रॅम्पपुढे ‘अवश्य’ लिहिलं, कारण व्हीलचेअर घेऊन येणाऱ्या एका आजोबांना दर पालकसभेला आम्ही तोंडी रस्ता सांगतो.

आता फोन. पहिल्या पत्रात मुलांचे स्वतःचे, म्हणजे कुणाकडे भारी, कुणाकडे नाहीच, कुणी आईचा आणलेला आणि मधेच आईला फोन यायला लागले, आणि शाळेत मोबाईल आणू दिला म्हणून एका पालकाची तक्रार आली की पुढच्या वर्षी विषयच बंद. दुसऱ्यात घरात पडून असलेले जुने अँड्रॉइड. बऱ्याच जणांना वाटतं सिम नाही तर जीपीएस कसं चालणार. चालतं, कारण फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्याला सिम लागत नाही. फरक एवढाच की नेट असलेल्या फोनला उपग्रहांची माहिती नेटवरून पटकन मिळते, बिनसिमच्याला ती उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं जातात. आम्ही तासिका सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं आठही फोन मैदानाच्या मधोमध बाकावर उघड्यावर ठेवायचो. ॲप घरच्या वायफायवर आधीच टाकलेलं, ‘OSMTracker’, त्यात चाललेली वाट रेकॉर्ड होते आणि बटण दाबून त्या जागी टिपण टाकता येतं. संध्याकाळी फोनमधली त्या वाटेची जीपीएक्स फाईल केबलने कॉम्प्युटरवर घ्यायची, झालं.

अचूकपणाच्या बाबतीत पहिलं पत्र सरळ फसलं असतं, आणि हे मला दुसऱ्या बेताच्या पहिल्या शनिवारी कळलं. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. मैदानाभोवती चाललेल्या गटाची रेषा छान आली. पण मागचा बोळ तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूला तीन मजली भिंती, तिथे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण दुसरीकडेच आहोत. त्या गटाची वाट स्क्रीनवर थेट दहावीच्या वर्गांतून गेली! मुलं हसली, पण ओळखायचं कसं हे त्यांना तिथेच कळलं: रेषा भिंतीतून आरपार जात असेल, किंवा तीच वाट जाताना आणि येताना दोन वेगळ्या ठिकाणी उमटत असेल, तर ती वाट वापरायची नाही. मुलांनी आपापल्या फोनवरून थेट नकाशात टाकलं असतं तर ही बोळाची वाट जगाला वर्गातून गेलेली दिसली असती, आणि कुणीतरी अनोळखी माणसाने आमची चूक निस्तरली असती.

मग बोळ कसा मोजला? पावलांनी. तीस मीटरच्या टेपवर एका मुलीची पावलं मोजली, ४४ भरली, म्हणजे एक पाऊल साधारण ६८ सेंटिमीटर. बोळात तिची ३१ पावलं झाली, म्हणजे साधारण २१ मीटर. इमारतीची बाह्यरेषा आम्ही जीपीएसवर काढलीच नाही, ओपनस्ट्रीटमॅपच्या एडिटरमध्ये जे उपग्रहचित्र दिसतं त्यावरून गिरवली आणि बोळ दोन इमारतींच्या मधे पावलांच्या मापाने बसवला. पण ते उपग्रहचित्रसुद्धा कधीकधी काही मीटर सरकलेलं असतं, म्हणून आधी मैदानाभोवतीच्या तीनचार वाटा त्याच्यावर ठेवून बघायच्या. सगळ्याच वाटा एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या तर चित्र सरकलेलं आहे, एडिटरमध्ये तेवढं हलवून घ्यायचं. एकच वाट वेडीवाकडी असेल तर दोष वाटेचा. आणि गुगल मॅप्सवर बघून मात्र गिरवायचं नाही, त्यांच्या अटींमध्ये ते बसत नाही आणि ओपनस्ट्रीटमॅपलाही ते चालत नाही. हे वाक्य पत्रातच लिहा.

ऑफिसमधल्या क्लार्क काकांनी विचारलं होतं की नकाशा काढायला सरकारची परवानगी नको का. प्रश्न बरोबर होता. १५ फेब्रुवारी २०२१ ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात भारतीय व्यक्ती आणि संस्थांना अशी आगाऊ परवानगी लागणार नाही असं म्हटलंय, आणि परदेशी कंपन्यांवरची बंधनं आहेत ती मुख्यतः एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेच्या माहितीवर. आमचे फोन पाच मीटरवाले. पत्रात एका ओळीत घाला, नाहीतर फाईल तिथेच अडते.

वेळेचं सांगायचं तर पहिला बेत दोन तासिकांत उरकला असता, दुसऱ्याला दोन शनिवार आणि माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, त्यातली एक तर फक्त फाईलींची नावं लावण्यात, कारण आठही गटांनी एकच नाव दिलं होतं. फाईलला गट क्रमांक आणि तारीख आधीच फळ्यावर लिहून द्या.

मग कुणी कुठलं द्यावं? अकरावी-बारावी असेल, मुलांकडे स्वतःचे फोन असतील, कॉलेजात फोनला बंदी नसेल, आवार मोकळं असेल, तर पहिलं द्या, पण माझ्यासारखं तीन ओळींचं नको. खात्याला खरं नाव ठेवायचं नाही आणि पालकांची सही घेतलेली आहे, हे त्यात हवं. आठवी ते दहावी असेल किंवा शाळा पेठेत असेल, वाड्यांच्या आणि उंच इमारतींच्या मधे दाबलेली, तर दुसरंच द्या, तिथे जीपीएसपेक्षा टेप आणि पावलं जास्त कामाला येतील आणि फोन फक्त टिपणं आणि झाडांसाठी राहील. मला स्वतःला अजूनही वाटतं की मुलांनी टाकलेलं नकाशावर लगेच दिसायला हवं, म्हणून मी अपलोड माझ्या खात्यावरून केलं तेव्हा प्रोजेक्टर लावून सगळ्यांसमोर केलं, एकेका गटाला पुढे बोलवून, त्यांच्या वहीत बघून. वडाचं झाड टाकताना `natural=tree` लिहिलं आणि गट चारमधला मुलगा म्हणाला, “सर, ते थोडं डावीकडे आहे, त्याचा पार उजव्या बाजूला आहे ना.” बरोबर होतं त्याचं, हलवलं.

दुसऱ्या पत्रावर बाईंचा शेरा आला: ‘परवानगी देण्यात येत आहे. सहामाहीच्या आठवड्यात नको. फोन जमा केल्याची नोंद वहीत ठेवावी.’ ती नोंदवही माझ्या पत्रात नव्हती, तुम्ही आधीच घाला: फोन कुणी दिला, कुठल्या गटाकडे होता, परत किती वाजता आला, आणि शेवटी देणाऱ्याची सही.