तगाद्याचं स्मरणपत्र केलं, त्याला आता काही महिने झाले

आमचं खोकी बनवण्याचं छोटं युनिट आहे आणि वसुली माझ्याकडे. वसुली म्हणजे फोन, फोन नाही उचलला तर व्हॉट्सॲप, आणि व्हॉट्सॲपवर जसं बोलतो तसंच लिहायचं. ही पद्धत सोडून गेले काही महिने उधारीची आठवण रीतसर लेखी मराठीत पाठवतो आहे. त्याचा काय उपयोग झाला, कुठे झाला नाही, ते सविस्तर लिहितो. ज्यांची येणी पन्नास हजारांच्या आतबाहेर असतात आणि ज्यांना वकिलाची नोटीस परवडत नाही, त्यांच्या कामाचं असेल.

आधी जुना नमुना बघा. असा मेसेज आपल्यापैकी प्रत्येकाने पाठवलेला असतो:

"नमस्कार शेठ, ते मागचं बिल राहिलंय बघा. वीस आलेत, बाकीचे कधी टाकताय? मार्च एंड आहे हो, जरा अडचण आहे आमची. तेवढं बघा ना लवकर."

यात उद्धट काहीच नाही, उलट आर्जव आहे. तरी यावर पैसे येत नाहीत, आणि त्याचं कारण मला उशिरा लक्षात आलं. हा मेसेज फक्त शेठला कळतो. शेठ तो त्यांच्या अकाउंट्सवाल्या मुलाला फॉरवर्ड करतात आणि तो मुलगा मला फोन करतो, "कुठलं बिल?" 'ते मागचं' म्हणजे कुठलं, 'वीस' म्हणजे वीस हजार की विसाव्या तारखेचे, 'तेवढं' म्हणजे केवढं, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. बोलण्यात हे चालतं, कारण ऐकणारा समोर असतो आणि मागचं सगळं दोघांच्या डोक्यात असतं. पत्र मात्र तिसऱ्याच माणसाच्या टेबलावर जातं.

आता हेच मी असं लिहितो:

"विषय : बिल क्र. ११८ मधील उर्वरित रकमेबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या मागणीनुसार दि. ४ फेब्रुवारी रोजी आपल्याकडे खोक्यांचा पुरवठा केला होता. त्याचे बिल क्र. ११८ रु. ४६,५००/- चे आहे. त्यापैकी रु. २०,०००/- आपल्याकडून दि. २६ फेब्रुवारी रोजी मिळाले, त्याबद्दल आभारी आहोत. उर्वरित रु. २६,५००/- (अक्षरी रुपये सव्वीस हजार पाचशे फक्त) तीस दिवसांच्या ठरलेल्या मुदतीनुसार दि. ६ मार्चपर्यंत मिळणे अपेक्षित होते. आमच्या नोंदीनुसार ही रक्कम अद्याप जमा झालेली नाही.

तरी ही रक्कम दि. २५ मार्चपर्यंत खालील खात्यात जमा करावी, ही विनंती. रक्कम यापूर्वीच पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा. बिलाबाबत काही शंका असल्यास तीही कळवावी, म्हणजे लगेच निरसन करता येईल.

आपला विश्वासू,"

खाली नाव, हुद्दा, फोन आणि खात्याचा तपशील.

बघायला सोपं आहे, पण यातल्या तीन-चार गोष्टी जमायला वेळ लागला.

पहिली म्हणजे क्रियापद. 'तुम्ही पैसे दिले नाहीत' यात कर्ता समोरचा माणूस आहे आणि तो आरोपीसारखा उभा राहतो. 'रक्कम जमा झालेली नाही' यात कर्ता रक्कम आहे. माणूस वाक्यातून बाजूला झाला की त्याला स्वतःचा बचाव करायची गरज उरत नाही, तो थेट रकमेबद्दल बोलतो. 'आमच्या नोंदीनुसार' हे दोन शब्दही त्यासाठीच. पैसे खरंच आलेले असतील आणि आमच्याकडे एंट्री राहिली असेल, तर त्यांनाही आणि मलाही तोंड लपवावं लागत नाही. मात्र जिथे समोरच्याने चांगलं केलं आहे, तिथे त्याला वाक्यात ठेवायचा. वीस हजार 'आपल्याकडून' मिळाले. उणं असेल तिथे रक्कम बोलते, अधिक असेल तिथे माणूस.

दुसरी गोष्ट 'आपण'. आदरासाठी तुम्हीच्या जागी आपण घालायचं, इतकं सगळ्यांनाच माहीत असतं. पण 'आपण तीस दिवस ठरवले होते' या वाक्यात आपण म्हणजे तुम्ही एकट्यांनी, की तुम्ही-आम्ही मिळून? बोलताना सूर सांगतो, कागदावर सूर नसतो. म्हणून जिथे दोघांनी मिळून काही झालं तिथे मी 'आपण' टाळतो आणि 'ठरलेल्या मुदतीनुसार' लिहितो. दुसरा घोळ म्हणजे वरच्या ओळीत 'आपण' आणि खालच्या ओळीत 'तुमच्या खात्यात'. एकदा आपण म्हटलं की शेवटपर्यंत आपण, आपले, आपल्याकडून. मध्येच तुमच्यावर घसरलं की वाचणाऱ्याला वाटतं, यांचा पारा चढला.

तिसरी, विनंतीचं रूप. 'टाका', 'करा' या आज्ञा झाल्या, त्यांच्या आधी कितीही वेळा प्लीज लावलं तरी. 'जमा करावी' हे रूप मराठीत नेमकं याच कामाला आहे. त्याच्या जोडीला 'ही विनंती' असेल तर 'कृपया' ची गरज नाही. 'कृपया नम्र विनंती की कृपया' अशी पत्रं मी पाहिली आहेत, त्यात विनवणी जास्त आणि मागणी कमी दिसते. आणि 'लवकरात लवकर' हा शब्द मी पूर्णपणे काढून टाकला. लवकर म्हणजे ज्याचं त्याचं लवकर. तारीख लिहिली की २६ तारखेला पुन्हा फोन करायला आपल्याला तोंड राहतं.

बाकी बारीक सफाई पटकन होते. 'राहिलंय', 'केलं', 'पाठवलं' ची 'राहिले आहे', 'केले', 'पाठवले' अशी रूपं करायची. 'हो', 'ना', 'बघा', 'जरा' काढायचे. 'मार्च एंड आहे, अडचण आहे' हेही काढायचं. आपली अडचण हे त्यांनी पैसे देण्याचं कारण नाही, माल पोचला हे आहे.

आता यातला सापळा. औपचारिक लिहायचं म्हटलं की लोक सरकारी पत्राकडे वळतात. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की सदर देयकाची रक्कम अद्यापपावेतो प्रलंबित असून...' असा नमुना आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर फिरत असतो आणि दिसायला भारदस्त आहे. पण 'आपणांस कळविण्यात येते' ही वरून खाली बोलण्याची भाषा आहे, कार्यालय अर्जदाराशी बोलतं तशी. माल विकणारा गिऱ्हाइकाशी या सुरात बोलला की आदर दिसत नाही, हुकूम दिसतो. शिवाय आमच्या पार्ट्या बिलाला बिलच म्हणतात, त्यांच्या फाइलवरही बिल लिहिलेलं असतं. त्याला देयक म्हटलं म्हणून आदर वाढत नाही. तीच गोष्ट 'अन्यथा' ची. हा एक शब्द आला की आधीचा सगळा नमस्कार फुकट जातो. पहिल्या दोन पत्रांत तो मी येऊच देत नाही. दुसऱ्या टोकाला 'कळावे, लोभ असावा'. घरगुती पत्रात गोड, पण थकबाकीखाली वाचणाऱ्याला टोमणा वाटू शकतो.

फायदा काय झाला? पैसे झपाट्याने येऊ लागले असं म्हणणार नाही. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याच्यापुढे कुठलंच मराठी चालत नाही. पण 'कुठलं बिल?' हा फोन जवळपास बंद झाला. मधल्या फळीच्या कंपन्यांत, जिथे मालक वेगळा आणि पैसे सोडणारा वेगळा, तिथे फरक सरळ दिसतो. अकाउंट्सवाला तोच मेसेज मंजुरीला पुढे पाठवतो, कारण त्याला त्यात स्वतः काही लिहावं लागत नाही. दुसरा फायदा, उत्तरंही लेखी येऊ लागली. 'उर्वरित रक्कम १० तारखेला देतो' असं सहीशिक्क्याच्या पत्रावर आलं तर ते जपून ठेवा. मुदत कायद्यात अशा येण्याला साधारण तीन वर्षं असतात, आणि ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं मान्य केलं तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजतात. फोनवरच्या 'देतो हो' चा असा उपयोग होत नाही.

तोटाही सांगतो. जुन्या, घरोब्याच्या पार्ट्यांना हे पत्र टोचतं. एका काकांनी, ज्यांच्याशी वडिलांच्या काळापासून व्यवहार आहे, पत्र मिळाल्यावर फोन केला आणि पैशांचं काही न बोलता एवढंच विचारलं, "काय रे, एवढा परका केलास?" त्यांच्यासाठी आता वेगळी रीत आहे. वर दोन ओळी बोलीत, 'काका नमस्कार, तुमच्या ऑफिसच्या फाइलसाठी पत्र जोडतोय, सवडीने बोलूच', आणि खाली पत्र जसंच्या तसं. बोली काकांसाठी, पत्र त्यांच्या ऑफिसमधल्या माणसासाठी. दोन्ही एकाच मजकुरात कालवायला गेलं की ना जिव्हाळा राहतो ना शिस्त.

तिसऱ्या पत्रात मात्र कायदा येतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६ च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे लिहितानाही सूर तोच ठेवतो : 'कलम १५ व १६ मधील तरतुदींकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.' धमकीची विशेषणं जोडायची गरज पडत नाही, कलमाचा आकडा पुरतो. पहिल्याच पत्रात कलम टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांची पुढची ऑर्डर गेली आणि पैसे तरीही उशिराच आले.

शेवटी एक किरकोळ वाटणारी पण रोज लागणारी गोष्ट. पत्रातल्या तारखा आणि रकमा मराठी अंकांत शोभतात, पण खाते क्रमांक आणि IFSC इंग्रजी अंकाक्षरांतच द्या, तेही स्वतंत्र ओळीवर. समोरचा ते कॉपी करून बँकेच्या ॲपमध्ये टाकतो आणि तिथे देवनागरी आकडे चालतीलच असं नाही. IFSC अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, ते O टाइप झालं की पेमेंट अडकतं. पाठवण्याआधी ती ओळ मी चेकबुकशी ताडून बघतो.