किलोमीटरचा ट्रक की ठोक भाडं?

पुण्याहून नाशिकला दोन खोल्यांचं सामान हलवायचंय असं धरू. अंतर साधारण 210 किलोमीटर. चौदा फुटी आयशरवाला म्हणतो, किलोमीटरला 24 रुपये. आपण मनात पाच हजार धरतो आणि तिथेच चुकतो, कारण परतीची रिकामी फेरीही आपल्याच खात्यात येते. म्हणजे 420 किलोमीटरचे 10,080 रुपये, टोल वेगळा.

त्यावर हमाली. पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून भरायला 3,000; नाशिकला तळमजला, उतरवायला 2,000. एकूण 15,080. खरी अडचण उतरवण्याची. दर आधी ठरला नसेल तर ट्रक दारात उभा असताना हमाल मागतील तो आकडा द्यावा लागतो. म्हणून फोनवरच मजला, कपाट, फ्रिज सगळं सांगून दर पक्का करावा, आणि निघताना मीटरचा फोटो काढावा.

दुसरा पर्याय ठोक भाड्याचा: समजा 19,500, त्यात खोकी, गुंडाळणी, हमाली आणि टोल. वरचे साधारण साडेचार हजार पॅकिंगचे आणि टोलचे. काचसामान बरंच असेल तर मला ते रास्त वाटतात. मात्र हा दर सामानाच्या यादीवर ठरतो. यादीत नसलेली शिलाई मशीन निघाली की जादा पैसे. जीएसटी धरलाय का, हेही लेखी घ्यावं.

सामान थोडं, दणकट आणि बांधायला घरची माणसं असतील तर मी किलोमीटरचाच ट्रक घेईन.