मार्गांची बेरीज की फ्लोटची तपासणी?
नागपुरात शिकवणीच्या वह्यांतली प्रकल्पाच्या क्रिटिकल पाथची, म्हणजे सर्वांत लांब मार्गाची, गणिते तपासताना दोन रीती हाताशी असतात: प्रत्येक मार्गावरच्या कामांच्या दिवसांची बेरीज, किंवा प्रत्येक कामाचा फ्लोट, म्हणजे प्रकल्प न लांबवता त्या कामाला मिळणारी सवड, पाहणे. समजा, काम अ ३ दिवस, त्यानंतर ब ४ आणि क ६, आणि दोन्ही संपल्यावर ड ५ दिवस. मार्गांच्या बेरजेत अ-क-ड १४ दिवस येतो. त्यामुळे ड ची सुरुवात ९ ऐवजी ७ व्या दिवशी धरून १२ दिवस काढणाऱ्याची फॉरवर्ड पासमधली, म्हणजे सुरुवातीकडून लवकरात लवकरचे दिवस काढतानाची, चूक लगेच सापडते. मात्र बॅकवर्ड पासमध्ये, म्हणजे शेवटाकडून उशिरात उशिराचे दिवस काढताना, अ च्या उशिरात उशिरा समाप्तीसाठी ३ सोडून ५ (हा मोठा आकडा घेण्याचा मोह फार) घेतला, तर बेरीज मुकी राहते. फ्लोट बोलतो: अ ला २, क आणि ड ला शून्य, म्हणजे सगळीकडे शून्य फ्लोट असायला हवा तो क्रिटिकल पाथ सुरुवातीलाच तुटलेला. पहिल्या चुकीतही क चा फ्लोट उणे २ येतो, म्हणून माझा कल फ्लोटकडे. कालावधीच चुकीचा उतरवला असेल, तर मात्र मूळ प्रश्नावरून केलेली बेरीजच कामी येते.