निरोपाच्या भाषणात जपानी कार्ड वाचताना: सगळं की निवडक, शब्दशः की अर्थाने

निवृत्तीच्या समारंभात चार मिनिटं बोलायचं आहे आणि हातात जपानहून आलेला एक चौकोनी पुठ्ठा आहे. मध्ये निवृत्त होणाऱ्याचं नाव आणि भोवती गोलाकार, सूर्याच्या किरणांसारखे बारा जणांनी हाताने लिहिलेले छोटे संदेश. या पुठ्ठ्याला तिकडे शिकिशी म्हणतात (नेहमीचं माप 27.3 × 24.2 सेंटिमीटर) आणि असं सगळ्यांनी मिळून लिहिण्याला योसेगाकी. जपानी कंपन्यांशी संबंध असलेल्या पुणे-चाकणच्या कारखान्यांत आता हे नवं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी आमच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांसाठी असं कार्ड आलं. भाषांतर आणि भाषण दोन्ही माझ्याकडे होतं. तेव्हा जे पर्याय तोलून पाहिले, ते इथे मांडते.

पहिला प्रश्न, सगळं वाचायचं की निवडक. सगळं वाचण्याच्या बाजूने एक खरं कारण आहे: बारा जणांनी वेळ काढून लिहिलंय, मग कुणाला गाळायचं? पण एकदा घड्याळ लावून वाचून पाहा. प्रत्येक संदेश मराठीत साधारण पंचवीस शब्दांचा होतो, म्हणजे तीनशे शब्द. सभागृहात ऐकू जाईल अशा संथ गतीने त्याला तीन मिनिटं लागतात, आणि नावं व मधले विराम धरले की साडेचार. भाषणाला जागाच उरत नाही. शिवाय या संदेशांत ‘इतकी वर्षं खूप मदत झाली’ आणि ‘तब्येतीला जपा’ ही दोन वाक्यं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलेली असतात. कागदावर प्रत्येकाच्या अक्षरात ती वेगवेगळी भिडतात. एकाच आवाजात पाचव्यांदा ऐकली की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

मी तीन संदेश निवडले, आणि निवडीचा निकष एकच ठेवला: ज्यात फक्त याच माणसाबद्दल सांगता येईल अशी गोष्ट आहे. एकाने रात्रपाळीत दोघांनी मिळून मोजपट्टीतली चूक शोधल्याची आठवण लिहिली होती, तो संदेश घेतला. उरलेल्या नऊ जणांची नावं मात्र एकेक करून वाचली. बाराही संदेशांचं पूर्ण भाषांतर टाईप करून पुठ्ठ्यासोबत पाकिटात दिलं. लिहिणारे चार-पाचच असतील, तर सगळं वाचणंच योग्य.

निवडण्याआधी सगळे संदेश एकट्याने बसून वाचून घ्यायला हवेत. कार्ड लिहिलेलं असतं एका माणसासाठी, सभागृहासाठी नाही. आमच्या कार्डात एका बाईंनी साहेबांच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली होती, आणि ती गोष्ट इथे फार थोड्यांना माहीत होती. तो संदेश कितीही सुंदर असला तरी मोठ्याने वाचण्याचा नव्हता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: शब्दशः की अर्थाने? एकच ओळ दोन्ही प्रकारे बघा. मूळ जपानी होतं ‘आतामा गा सागारिमासु’.

शब्दशः: तुमची चिकाटी पाहून मान खाली जाते.
अर्थाने: तुमच्या चिकाटीपुढे हात आपोआप जोडले जातात.

जपानीत डोकं खाली झुकतं ते आदराने. मराठीत मान खाली जाते ती शरमेने. शब्द न शब्द बरोबर असलेलं भाषांतर इथे अर्थ उलटा करतं, आणि तेही भर सभेत. ‘आसोबी नि कितेकुदासाई’चं तसंच. शब्दशः ते ‘खेळायला या’ होतं, पण साठीच्या माणसाला कुणी खेळायला बोलावत नाही. ‘सहज म्हणून एकदा आमच्याकडे या’ असं म्हटलं की तिकडची आपुलकी जशीच्या तशी पोहोचते. ‘ओत्सुकारेसामा देशिता’मध्ये थकव्याचा धातू आहे, म्हणून कुणी ‘तुम्ही थकलात’ करतं. निवृत्तीच्या दिवशी ते टोचेल. ‘फार कष्ट घेतलेत, मनापासून आभार’ हे त्याच्या बरंच जवळ जातं.

म्हणून माझं मत अर्थाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: सजावट वाढवायची नाही. अर्थाने करताना हात सैल सुटतो आणि तिकडच्या अभियंत्याच्या साध्या दोन ओळींत आपण ‘दीपस्तंभ’ आणि ‘वटवृक्ष’ घुसडतो. त्यांनी चार वाक्यं लिहिली असतील, तर मराठीतही चारच. कारखाना, यंत्र, पाळी, महिना असे तपशील मात्र अक्षरशः ठेवायचे, कारण ऐकणाऱ्याला खरेपणा तिथेच जाणवतो.

मराठीची स्वतःची एक अडचण इथे हमखास येते. जपानी वाक्यात लिहिणारा पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही, आणि खाली सही बहुतेकदा फक्त आडनावाची. आपल्याला मात्र ‘शिकलो’ की ‘शिकले’ ठरवावंच लागतं. विचारून खात्री होत नसेल तर वाक्य वळवा: ‘तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं’. लिंग येतच नाही आणि वाक्यही सहज मराठी राहतं.

नावांना तर अंदाज चालतच नाही. त्याच दोन चित्राक्षरांचं आडनाव कुणाचं कोनो असतं तर कुणाचं कावानो. दोन्ही बरोबर असू शकतात, आणि नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. पुठ्ठ्याचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, नावांना क्रमांक द्या आणि पाठवणाऱ्या विभागाकडून उच्चार काना लिपीत मागवा. माझ्या बारांपैकी दोन नावं मी चुकीची वाचली होती. नावापुढे ‘सान’ लावलं की आदर पूर्ण होतो, त्यावर ‘जी’ किंवा ‘साहेब’ नको.

मूळ भाषेत काही वाचावं का? एक ओळ जरूर. पूर्ण संदेश आधी जपानीत, मग मराठीत असं केलं की वेळ दुप्पट लागतो आणि अर्ध्या वेळात सभागृह नुसतं बघत बसतं. पण एकच छोटं वाक्य, तेही साहेबांनी तिकडे असताना रोज ऐकलेलं, त्यांच्या कानावर पडलं की बाकी काही सांगावं लागत नाही.

वाचायचं कुणी, यावर फार विचार लागला नाही. ज्याचा निरोप आहे त्याने स्वतःचं कौतुक स्वतः वाचणं आपल्याकडे अवघड वाटतं, आणि आवाजही साथ देत नाही. वाचणारा दुसराच हवा.

शेवटी भाषणाचा तो भाग असा झाला:

“साहेब, आयचीहून तुमच्यासाठी एक पुठ्ठा आलाय. बारा जणांनी हाताने लिहिलंय. त्यातलं तीन जणांचं वाचते, बाकीचं तुम्ही घरी निवांत वाचा. पहिले कावानो-सान. ते लिहितात: ‘त्या रात्री मोजपट्टीतली चूक सापडेपर्यंत तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. तुमच्या चिकाटीपुढे हात आपोआप जोडले जातात. तब्येतीला जपा. सहज म्हणून एकदा आमच्याकडे या.’ आणि सगळ्यांनी मिळून वर एकच ओळ लिहिली आहे, ती त्यांच्याच भाषेत म्हणते: नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देशिता.”

साहेबांनी बसल्या जागेवरूनच, कमरेत वाकून, त्याच भाषेत उत्तर दिलं. मग मी पुठ्ठा दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला.