‘अलार्म गोज ऑफ’: ठेवावं की बदलावं?

मुंबईत इंग्रजीतून सूचना लिहिणाऱ्याला वाचक स्वतःच्या मनाने निवडता येत नाही. एकाच शिफ्टला सावंतवाडीचा ऑपरेटर, आझमगढचा हेल्पर आणि तिरुनेलवेलीचा इलेक्ट्रिशियन असतात. म्हणून कागद इंग्रजीत निघतो आणि तिघांनीही इंग्रजी पाचवीनंतर, धड्याखालच्या प्रश्नोत्तरांतून शिकलेलं असतं. अशा वाचकासाठी ‘गो ऑफ’, ‘पुट आउट’, ‘टर्न डाउन’ ही जोड-क्रियापदं तशीच ठेवावीत की त्यांच्या जागी साधा एक शब्द घालावा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं मत कुठे झुकलंय ते लपणार नाही, पण दुसऱ्या बाजूलाही दम आहे, म्हणून आधी तिचं ऐकू.

ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की ‘पुट’, ‘आउट’, ‘गो’, ‘ऑफ’ हे शब्द लहान पोरालाही येतात, मग आग विझवायला ‘एक्स्टिंग्विश’सारखा दातात अडकणारा शब्द कशाला? या विचारावर एक अख्खी भाषा उभी राहिली होती. सी. के. ऑग्डेन यांनी १९३०मध्ये मांडलेल्या बेसिक इंग्लिशमध्ये शब्द होते ८५० आणि त्यांत क्रियापदं अवघी १८. बाकीची सगळी कामं ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांना शेपट्या लावून भागवायची. म्हणजे आग ‘पुट आउट’ करायची आणि त्रास ‘पुट अप विथ’ करायचा. पाठ करायचे शब्द कमी झाले खरे, पण जोड्या पाठ करायच्या राहिल्याच.

उलट टोकाला विमानदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी तयार झालेली सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश आहे. तिच्या कोशात सर्वसाधारण वापराचे शब्द नऊशेच्या आसपास, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि जोड-क्रियापदांना मज्जाव. तिथे आग ‘एक्स्टिंग्विश’ होते. आणि गंमत बघा, हा अवघड म्हणवला जाणारा शब्द मुंबईत प्रत्येक मजल्यावर लाल नळकांड्यावर रंगवलेला आहे. वॉचमनला ‘फायर एक्स्टिंग्विशर’ माहीत असतो. ‘पुट आउट द फायर’ वाचून मात्र तो आग बाहेर ठेवायला निघाला, तर चूक त्याची नाही.

मी बरीच वर्षं पहिल्या गटात होतो. गट बदलला तो एका रात्रीमुळे.

एका शीतगृहासाठी मी सूचनाफलक लिहिला होता. मूळ वाक्यं अशी: ‘इफ द अलार्म गोज ऑफ, कॉल द सुपरवायझर. डोन्ट टर्न इट ऑफ अंटिल ही टर्न्स अप.’ तेव्हा मला ती छान सुटसुटीत वाटली होती. रात्री तापमान चढलं आणि अलार्म वाजू लागला. ड्यूटीवरचा ऑपरेटर शहाणा, कामाला चोख. त्याने फलक वाचला आणि अलार्मशेजारी खुर्ची टाकून बसला. पाऊण तासाने अलार्म आपोआप थांबला, तेव्हा कुठे त्याने फोन लावला. सकाळी सगळे त्याच्यावर उखडले. तो शांतपणे मला म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हीच लिहिलंय ना, अलार्म ऑफ झाला की फोन करा म्हणून? लाइट गेला की ऑफ, पंखा थांबला की ऑफ. मग अलार्म वाजला की ऑफ कसा?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं लॉजिक बिनतोड होतं. ‘लाइट्स गो ऑफ’ म्हणजे दिवे बंद होतात आणि ‘अलार्म गोज ऑफ’ म्हणजे अलार्म सुरू होतो. त्याच फलकावर पुढच्याच वाक्यात ‘टर्न ऑफ’ म्हणजे पुन्हा बंद करणं. आणि ‘येईपर्यंत’ या अर्थाने लिहिलेल्या ‘अंटिल ही टर्न्स अप’चं त्याने काय केलं असेल ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला जोड-क्रियापदांचा वैताग आहे तो इथेच. अनोळखी शब्द दिसला की माणूस थबकतो, शेजाऱ्याला विचारतो, मोबाइलवर शोधतो. ओळखीच्या दोन शब्दांतून चुकीचा अर्थ निघाला की तो थबकतच नाही, खुशाल पुढे जातो. आपल्याकडच्या ‘लागणे’ची आठवण करा: भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते. मराठी शिकणाऱ्याला ‘लागणे’चा एक अर्थ सांगून सोडून दिलं तर त्याची जी गत होईल, तीच ‘गो’ आणि ‘ऑफ’ने आमच्या ऑपरेटरची झाली.

बदलतानाही घाई नडते. मी पहिला नवा मसुदा केला तो असा: ‘इन द इव्हेंट ऑफ अलार्म ॲक्टिव्हेशन, नोटिफाय द सुपरवायझर.’ जोड-क्रियापद एकही नाही आणि वाचवतही नाही. फ्रेंच किंवा स्पॅनिश माणसाला असे लॅटिन वळणाचे शब्द घरचे वाटतात, आपल्याला ते तसे फुकटात मिळत नाहीत. म्हणून बदली शब्द कामाच्या जागी आधीच बोलला जातो का, ते पाहावं लागतं: स्टार्ट, स्टॉप, चेक, रिमूव्ह, कॅन्सल, ॲडजस्ट, पोस्टपोन. ‘प्रीपोन’सुद्धा. लंडनचा संपादक नाक मुरडेल, पण ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वाचून मीटिंग अलीकडे आली की पलीकडे गेली यावर इथे वाद होतो, ‘प्रीपोन’वर होत नाही.

शेवटी फलकावर गेलं ते हे: ‘इफ द अलार्म रिंग्ज, कॉल द सुपरवायझर. डू नॉट स्टॉप द अलार्म. द सुपरवायझर विल स्टॉप इट.’ दोन वाक्यांची तीन झाली. ‘अंटिल’ गेला, कोणी काय करायचं ते स्पष्ट झालं. लावण्याआधी मी तो ऑपरेटरच्या हातात दिला. ‘समजलं का?’ असं विचारायचं नसतं, त्यावर उत्तर ‘हो’च येतं. ‘अलार्म वाजला तर आधी काय करशील?’ असं त्याच्या भाषेत विचारलं. त्याने खिशातून फोन काढून दाखवला.

सगळीच जोड-क्रियापदं उपटायची गरज नाही. ‘लॉग इन’ स्क्रीनवर तसंच दिसतं, ‘स्विच ऑफ’ घराघरात आहे. त्यांना हात लावलात तर उलट गोंधळ होईल. मी मसुद्यात ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ हे पाच शब्द एकेक करून शोधतो आणि ज्या जोडीचे दोन अर्थ निघतात तीच बदलतो. तुकडे लांब पडले असतील, म्हणजे ‘टर्न’ एका टोकाला आणि ‘डाउन’ सहा शब्दांनी पुढे, तर ती जोडी विचार न करता जाते. लिहिणाऱ्याला ‘नाकारणे’ म्हणायचं असतं, पण कोशात ‘टर्न’ शोधणाऱ्याला ‘फिरवणे’ मिळतं आणि तो नॉब शोधत बसतो.

वाक्प्रचारांबद्दल फार तोलायचं नाही, ते काढाच. क्रिकेटच्या वळणाचे तरी मुंबईत चालतील असं मला वाटायचं. पण क्लायंट भलताच खूश झाला हे सांगायला ‘द क्लायंट वॉज बोल्ड ओव्हर’ असं लिहिलेली मेल वाचून आमच्या स्टोअरकीपरने हळूच विचारलं, ‘‘ऑर्डर गेली का हो?’’

आमंत्रणाची गोष्ट वेगळी. सोसायटीच्या गणपतीच्या पत्रिकेत ‘डू ड्रॉप इन’ खुशाल ठेवा. तिथे अर्थ चुकला तरी माणूस आरतीलाच येतो.