बेरीज बरोबर, आत सगळं वाकडं: बजेट पेसिंग शीटचा आठ महिन्यांचा अनुभव

जून 2025 ते जानेवारी 2026 या आठ महिन्यांत ही शीट उत्तर गोव्यातल्या काही हॉटेलांच्या आणि दुकानांच्या जाहिरात खात्यांवर वापरून झाली आहे. पेसिंग म्हणजे बजेट महिनाभरात कुठल्या वेगाने संपतंय ते पाहणं, आणि शीट म्हणजे साधी गूगल शीट. दर महिन्याच्या 15 तारखेला सकाळी उघडायची, कुठल्या कॅम्पेनचा खर्च महिनाअखेर कुठे जाऊन थांबेल ते काढायचं आणि पैसे इकडचे तिकडे करायचे. पैसे देऊन घेतलेलं कुठलंही टूल नाही. आमच्या मते दहापेक्षा कमी कॅम्पेन असतील तर त्याची गरजही पडत नाही.

आधी रकमेचं. गोव्यातला हॉटेलवाला "महिन्याला एक लाख सत्त्याहत्तर हजार" म्हणतो तेव्हा ते खिशातून जाणारे पैसे असतात, GST धरून. गूगल आणि मेटाच्या खात्यात दिसणारा खर्च मात्र GST विना असतो. म्हणून शीटमध्ये पहिली भागाकाराची ओळ हवी: 1,77,000 ला 1.18 ने भागलं की 1,50,000. पेसिंग काढायचं ते या दीड लाखावर. ही ओळ विसरली तर महिनाभर सगळे आकडे हिरवे दिसतात आणि बिल आलं की क्लायंटचा फोन येतो.

दुसरी पथ्याची गोष्ट म्हणजे आजचा दिवस कधीही मोजायचा नाही. 15 ला सकाळी बसलात तर हिशेब 14 च्या रात्रीपर्यंतचा. अर्ध्या दिवसाचा खर्च वर आणि पूर्ण दिवस खाली धरला की वेग कमी दिसतो आणि माणूस नको तिथे बजेट वाढवतो.

शीटचा गाभा एका सूत्रात आहे. C म्हणजे कालच्या रात्रीपर्यंतचा खर्च, D म्हणजे शेवटच्या सात पूर्ण दिवसांचा खर्च, E त्या सात दिवसांचं वजन, F उरलेल्या दिवसांचं वजन आणि G ही प्लॅटफॉर्मची कमाल मर्यादा.

```
=MIN(C2+D2/E2*F2, G2)
```

वजन म्हणजे वाराचं वजन. हॉटेलच्या सर्च कॅम्पेनमध्ये बुधवार ते शुक्रवार मागणी जास्त असते, शनिवार-रविवार लोक शोधत बसत नाहीत, फिरत असतात. मागच्या आठ आठवड्यांच्या खर्चावरून सोम-मंगळ 1, बुध ते शुक्र 1.2, शनि-रवि 0.7 अशी वजनं निघाली. आठवड्याची बेरीज 7 येते, त्यामुळे डोकं कमी फिरतं. या वजनांकडून सुरुवातीला आमची फार अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती उपयोगी पडतात. पण 15 तारखेपर्यंत दोन आठवडे उलटलेले असतात, सगळे वार दोनदा येऊन गेलेले असतात, आणि सरळ दिवसांच्या भागाकाराशी तुलना केली तर दीड लाखाच्या बजेटवर दीडेक हजाराचाच फरक दिसतो. खरा फरक पडतो तो महिन्याची सरासरी सोडून शेवटच्या सात दिवसांचा वेग घेतल्याने.

मेटाच्या कॅम्पेनला तर वजनं लावूच नयेत. तिथे दिवसाचं बजेट ठरवलं की एखाद्या दिवशी 75 टक्क्यांपर्यंत जास्त खर्च होऊ शकतो, पण रविवार ते शनिवार या आठवड्यात सात दिवसांच्या बजेटपलीकडे तो जात नाही. म्हणजे खर्च जवळजवळ सरळ रेषेत जातो. तिथे उरलेले दिवस गुणिले रोजचा खर्च एवढंच पुरतं.

नोव्हेंबर 2025 चं एक खातं घेऊ, कळंगुटच्या बाजूच्या एका मध्यम हॉटेलसारखं. आकडे गोल केले आहेत. दीड लाखाची वाटणी अशी: हॉटेलच्या नावाने शोधणाऱ्यांसाठी ब्रँड सर्च 15,000, "कळंगुटमध्ये हॉटेल" छापाच्या शोधांसाठी जनरल सर्च 60,000, वेबसाइटवर येऊन गेलेल्यांसाठी मेटा रीमार्केटिंग 30,000, आणि नव्या लोकांसाठी मेटा रील्स 45,000.

14 च्या रात्री एकूण खर्च 70,700 होता. सगळ्या बजेटला सरसकट वजनं लावली तर तो 71,400 च्या आसपास हवा होता. म्हणजे 99 टक्के. इथे बहुतेक जण शीट बंद करतात, आणि चूक नेमकी इथेच होते. आत पाहिलं तर जनरल सर्चचा खर्च 31,500 झालाय, पाहिजे होता 28,600 च्या जवळपास. रीमार्केटिंगचा झालाय 10,500, पाहिजे होता दिवसाला हजारप्रमाणे 14,000. एकाचं जास्त आणि दुसऱ्याचं कमी, दोन्ही एकमेकांना झाकतात.

आता पुढचा अंदाज. जनरल सर्चने शेवटच्या सात दिवसांत 18,200 खर्च केले. उरलेल्या 16 दिवसांचं वजन 15.4, म्हणजे 2.2 आठवडे. 18,200 ला 2.2 ने गुणलं की 40,040, त्यात झालेले 31,500 मिळवले की महिनाअखेर 71,540. साडेअकरा हजारांनी वर! पण हे होणारच नाही. या कॅम्पेनचं रोजचं सरासरी बजेट 2,000 आहे. गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करतं, मात्र महिन्यात 30.4 पटीच्या वर पैसे घेत नाही. म्हणजे मर्यादा 60,800. सूत्रातलं MIN आहे ते यासाठी.

ही मर्यादा धरली की सगळं चित्र उलटतं. ती न धरता चारही कॅम्पेनच्या अंदाजांची बेरीज 1,54,470 येते, म्हणजे साडेचार हजार जास्त. धरली तर 1,43,730, म्हणजे सव्वासहा हजार कमी. खातं तेच, तारीख तीच, आणि एका हिशेबाने हात आखडावा लागतो तर दुसऱ्याने सोडावा लागतो. खरा धोका जास्त खर्चाचा नव्हताच. जनरल सर्चकडे 16 दिवसांसाठी 29,300 उरले होते, दिवसाला 1,830, आणि मागणी होती 2,600 ची. 20 ते 28 नोव्हेंबरला पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, त्याच सुमाराला डिसेंबरच्या खोल्या शोधणारे मुंबई-पुण्याचे लोक. नेमकी तेव्हा जाहिरात दिवसाच्या मध्येच गायब झाली असती.

पैसे काढायचे कुठून हे वेगावरून नव्हे, खर्च का होत नाही त्यावरून ठरवावं. रीमार्केटिंगला दिवसाला 1,000 दिले असताना शेवटच्या सात दिवसांत ते 700 च खर्चत होतं, आणि `Frequency`, म्हणजे एकाच माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसते तो आकडा, आठवड्याआठवड्याला चढत होती. प्रेक्षक लहान आहे, तेच चेहरे पुन्हा पुन्हा. तिथले पैसे अडकलेले असतात, ते काढले तर काही बिघडत नाही. ब्रँड सर्चही थोडं मागे होतं, पण त्याला हात लावायचा नाही. हॉटेलचं नाव शोधणारे जितके असतील तितकाच त्याचा खर्च होणार, आणि ते शोधणारे वाढले तर पैसे तयार हवेत.

पैसे घालायचे कुठे याला एकच कसोटी लावावी: त्या कॅम्पेनला ते पैसे गिळता येतील का? त्यासाठी `Search lost IS (budget)` हा रकाना उघडा. जनरल सर्चमध्ये तो 28 टक्के होता, म्हणजे बजेट संपल्यामुळे जाहिरात दिसायची राहत होती. शेजारचा `Search lost IS (rank)` मोठा असता तर पैसे घालून उपयोग नव्हता. तिथे अडचण बोलीची किंवा जाहिरातीच्या दर्जाची असते, आणि वाढवलेलं बजेट तसंच पडून राहतं. ही गफलत पहिल्या दोन महिन्यांत बरीच झाली.

चौकशीमागे खर्च किती, हेही पाहावंच, पण शेवटचे चार दिवस वगळून. गूगल `Conversions` क्लिकच्या तारखेला टाकतं. माणूस 12 ला क्लिक करून 17 ला खोली बुक करतो, ती 12 च्या खात्यावर नंतर जमा होते. 15 ला पाहिलं तर 11 ते 14 हे दिवस नेहमीच महाग दिसतात. त्यावर विसंबून चांगल्या कॅम्पेनचे पैसे काढणं हे मध्य-महिन्याच्या फेरवाटपातलं सगळ्यात नेहमीचं नुकसान आहे.

झालेला बदल असा: रीमार्केटिंगचे 7,500 जनरल सर्चला. त्याचं नवं उद्दिष्ट 67,500, त्यातून 31,500 वजा, उरले 36,000, भागिले 16 म्हणजे दिवसाला 2,250. महिन्याच्या मध्ये बजेट बदललं की गूगलचा 30.4 चा हिशेब राहत नाही. उरलेले दिवस गुणिले नवं बजेट, एवढीच पुढची मर्यादा. म्हणून शीटमधला G त्याच दिवशी हाताने बदलावा लागतो: झालेला खर्च अधिक ही पुढची मर्यादा. मागणीच्या मागे धावून कोणी 2,600 टाकले असते तर मर्यादा 73,100 झाली असती, आणि जास्तीचा खर्च मग खरोखर झाला असता. रीमार्केटिंग 1,000 वरून 750 वर आणलं. रील्सचं दिवसाचं बजेट कोणीतरी 1,500 वरून 1,600 केलं होतं, त्या वेगाने ते 48,000 ला गेलं असतं. 1,410 केलं की 45,000 च्या आत राहतं.

मेटावरचे हे बदल एकाच वेळी करावेत, रोज थोडे थोडे नव्हे. मोठ्या बदलानंतर अ‍ॅड सेट पुन्हा लर्निंगमध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते मेटा शिकत असतं त्या टप्प्यात, जाऊ शकतो, आणि त्यातून बाहेर यायला आठवड्यात साधारण 50 रिझल्ट लागतात. लहान हॉटेलला तेवढे मिळता मिळत नाहीत.

एवढं करूनही अंदाज 1,47,400 च्या आसपास येतो, कारण ब्रँड आणि रीमार्केटिंग आपला वाटा पूर्ण वापरत नाहीत. ते 2,600 15 तारखेला वाटून टाकू नयेत. सोमवारी 24 ला पुन्हा शीट उघडावी, सात दिवस राहिलेले असतात, आणि `Search lost IS (budget)` अजून वर असेल तर दिवसाला 370 जनरल सर्चमध्ये वाढवावे. त्यानंतर हात लावू नये.

शीट कुठे फसते तेही सांगायला हवं. गणेश चवथीच्या महिन्यात स्थानिक दुकानांसाठी ती निरुपयोगी ठरली. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती. आधीच्या आठवड्यात खरेदीची झुंबड आणि नंतरचे दिवस शटर खाली, तिथे मागच्या सात दिवसांचा वेग पुढे ओढला की अंदाज हमखास जास्त येतो. अशा महिन्यात वाराची वजनं पुसून तारखेवार वजनं हाताने भरावी लागतात, बंद दिवसांना शून्य. डिसेंबरलाही तसंच: नोव्हेंबरची वजनं नाताळच्या आठवड्याला लागू होत नाहीत.

आणि 1 तारखेला सगळी रोजची बजेटं मूळ आकड्यांवर परत आणायची. हे काम शीट करत नाही. जनरल सर्चवर 2,250 तसेच राहिले तर नव्या महिन्याची मर्यादा आपोआप 68,400 होते, आणि ते 15 तारखेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.